दोन फोन, एक मिक्सर आणि दोन तासांचं कीर्तन: सप्ताहातल्या एका चित्रीकरणाची हकीगत

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. गावाचं आणि माणसांची नावं इथे वगळली आहेत. रोज रात्री सात ते नऊ कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, हा नेहमीचा क्रम. आजवर शूटिंग तालुक्याचा फोटोग्राफर करायचा. यंदा मंडळाने तो खर्च महाप्रसादाकडे वळवला आणि सहाव्या दिवसाचं कीर्तन आपल्याच दोन पोरांवर सोपवलं. एकाकडे आयफोन, दुसऱ्याकडे अँड्रॉइड. मागण्या दोन होत्या. पूर्ण कीर्तनाचा आडवा व्हिडिओ हवा होता, आणि त्यातूनच मोबाइलवर पाहायचे तीन-चार उभे तुकडे. मी त्यांच्याबरोबर होतो तो मुख्यतः आवाजाच्या बाजूने.

स्टेज 24 फूट रुंद, 4 फूट उंच. मधोमध महाराज, समोर स्टँडचा माइक. मागे दोन रांगांत तीसेक टाळकरी, मध्ये विणेकरी. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला मृदंगाचार्य, उजवीकडे गायक आणि पेटी. मिक्सर आणि साउंडवाला स्टेजला लागूनच, तेही उजवीकडे. माइक एकूण पाच होते: महाराजांचा, गायकांचे दोन, मृदंगाचा एक आणि पेटीचा एक. टाळकऱ्यांना माइक नव्हता. तीस टाळ दहा फुटांवर वाजत असताना तो कोणी लावतही नाही.

अडचण कुठे होती

आदल्या रात्री चाचणी घेतली. एक फोन मंडपात मधोमध ठेवला आणि मिक्सरचा आवाज लॅपटॉपवर घेतला. घरी जाऊन ऐकलं तेव्हा दोन्ही रेकॉर्डिंगं बिघडलेली होती, पण उलट्या तऱ्हेने. फोनच्या आवाजात सगळं होतं आणि काहीच कळत नव्हतं. निरूपणाचे शब्द मंडपाच्या घुमण्यात विरघळून गेले होते. मिक्सरच्या आवाजात महाराजांचा शब्द न् शब्द स्वच्छ, पण कीर्तन गायब. महाराज प्रमाणाची पहिली ओळ म्हणून मागे वळतात आणि टाळकरी ती उचलतात, तिथे नुसता पेटीचा सूर आणि दोन गायकांचे उघडे गळे. गजर तर फारच केविलवाणा वाटत होता.

यात मिक्सरची चूक नाही. मंडपासाठी केलेल्या मिक्समध्ये साउंडवाला फक्त जे कमी पडतं ते वाढवतो. जे आपसूक ऐकू येतं ते त्या मिक्समध्ये जवळजवळ नसतंच. मंडपातल्या माणसाच्या कानात दोन्ही मिळून पूर्ण होतं, तारेतून मात्र अर्धंच येतं. टाळ थोडे आले होते, तेही गायकांच्या माइकमधून गळून, पत्रा वाजावा तसे. त्यात मिक्सरला जोडलेला लॅपटॉप चार्जरवर होता, म्हणून मागे सतत 50 हर्ट्झची घरघर. चार्जर काढल्याबरोबर ती थांबली.

चित्रातही दोन दोष दिसले. एलईडी फोकसखाली पडद्यावर आडवे काळसर पट्टे सरकत होते. आणि पांढऱ्या सदऱ्या-फेट्यातले महाराज पुढे-मागे झाले की फोन आपोआप उजेड कमी-जास्त करायचा. मागच्या फ्लेक्सवरचा विठ्ठल कधी उजळ, कधी काळवंडलेला.

कोणते पर्याय समोर होते

पहिला प्रश्न मिक्सरचा आवाज कशात घ्यायचा. फोनमध्येच सरळ घेता आला असता, पण फोनला बाहेरून आवाज जोडला की साध्या कॅमेऱ्यात त्याचा स्वतःचा माइक बंद होतो. म्हणजे स्वच्छ शब्द मिळवायचे तर त्या फोनच्या जागची हवा गमवायची. शिवाय मिक्सरमधून निघतो तो लाइन पातळीचा आवाज. फोनची हेडफोनची खाच माइकच्या कितीतरी क्षीण पातळीची अपेक्षा करते, त्यामुळे सरळ वायर खुपसली तर आवाज फाटतो. मध्ये पातळी उतरवणारी केबल किंवा यूएसबी साउंड कार्ड लागतं.

दुसरा पर्याय मिक्सरच्याच पेन ड्राइव्हचा. साउंडवाल्याने तो आपण होऊन सुचवला, आणि मोह पडण्यासारखाच होता: बटण दाबा, काम झालं. पण असल्या मिक्सरमध्ये फाइल बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावरच नीट बंद होते. मध्येच वीज गेली तर तोवरचं सगळं जाऊ शकतं. सप्ताहात वीज जाणार हे गृहीतच धरायचं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे सेलवर चालणारा छोटा रेकॉर्डर. गावातल्या शाळेच्या सरांकडे तो होता. तोच घेतला. चार्जर नाही म्हणजे घरघर नाही, आणि वीज गेली तरी तो चालू राहणार. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट डब्ल्यूएव्हीमध्ये दोन तासांना साधारण 2 जीबी लागतात. त्यामुळे कार्डाची चिंता नव्हती.

आता मिक्सरच्या कुठल्या तोंडातून घ्यायचा? सगळ्यात चांगला मार्ग ऑक्स या जादा आउटपुटचा, कारण त्यावर रेकॉर्डिंगसाठी वेगळं मिश्रण करता येतं. पण या मिक्सरला दोनच ऑक्स होते. एक महाराजांच्या मॉनिटरला, दुसरा इकोला. उरलं मागचं रेकॉर्ड आउट. ते मुख्य फेडरच्या, म्हणजे मंडपाचा आवाज ठरवणाऱ्या सरकत्या बटणाच्या, आधीचं की नंतरचं, हे मिक्सरगणिक बदलतं, म्हणून पाहूनच ठरवावं लागतं. कीर्तनाच्या आधी पोरगा माइकमध्ये बोलत राहिला आणि साउंडवाल्याने मुख्य फेडर खाली ओढला. रेकॉर्डरचा काटा खाली आला नाही. म्हणजे मंडपात आवाज कमी-जास्त केला तरी रेकॉर्डिंगवर परिणाम नाही, हे नक्की झालं. मात्र एकेका माइकचा फेडर हलला तर तो बदल रेकॉर्डिंगमध्ये उतरणार होता.

साउंडवाला आधी नाखूश होता. ते साहजिकही आहे. ऐन कार्यक्रमात शिट्टी वाजली तर शिव्या त्यालाच पडतात. "दादा, तुमच्या एकाही बटणाला हात लावत नाही, फक्त मागची दोन भोकं द्या," असं म्हटल्यावर तो राजी झाला. त्याच्याकडे एकच विनंती केली: इको चालीला ठेवा, निरूपण सुरू झालं की उतरवा. रेकॉर्ड आउटमध्ये शिरलेली इको नंतर काढता येत नाही.

दुसरा प्रश्न फोन आडवे की उभे. एक आडवा, एक उभा असा विचार झाला होता. पण मग पूर्ण कीर्तनाला एकच कोन उरतो, आणि उभ्या तुकड्यालाही एकच. म्हणून दोन्ही आडवे ठेवून नंतर कापायचं ठरलं. इथे थोडं गणित आहे. फुल एचडी चौकट 1920 बाय 1080 ची असते. तिच्यातून उभी पट्टी कापली तर रुंदी उरते जेमतेम 607 पिक्सेल, आणि ती ताणून 1080 करावी लागते. चेहरा मऊ पडतो. फोरकेमधून तीच पट्टी 1215 बाय 2160 निघते, म्हणजे ताणायची गरजच नाही. तेव्हा समोरचा फोन फोरके ठेवला. आयफोनला त्यासाठी, सेकंदाला 30 चौकटी धरल्या तर, मिनिटाला 170 ते 190 एमबी, म्हणजे दोन तासांना 20 ते 23 जीबी जागा लागते. ती आदल्या दिवशीच मोकळी केली. बाजूच्या फोनला फुल एचडी पुरेसं होतं. का, ते पुढे येईल.

फोन कुठे ठेवले

समोरचा फोन मधल्या रस्त्यात, स्टेजपासून 35 फुटांवर. जवळ नेला असता तर चार फुटांच्या स्टेजवर उभ्या महाराजांची हनुवटीच दिसली असती. आणि बरोबर मध्यावर ठेवला तर स्टँडचा माइक थेट तोंडावर येत होता, म्हणून तो प्रेक्षकांच्या उजव्या बाजूला पाच-सहा फूट सरकवला. 2 पट झूमला चौकटीत साधारण पूर्ण स्टेज बसत होतं. त्यातून उभी कापलेली पट्टी साडेसात फुटांची होते. महाराजांनी हात पसरले तरी बोटं आत राहतात. 3 पटीला चेहरा मोठा दिसत होता, पण पट्टी पाच फुटांवर आली असती, आणि वारकरी कीर्तनकार एका जागी उभा राहत नाही. शिवाय उजेड कमी असला की बरेच फोन 3 पटीची लेन्स गुपचूप सोडून मुख्य लेन्सचंच चित्र मोठं करून देतात. ते पडद्यावर पटकन कळत नाही, घरी मोठ्या पडद्यावर कळतं.

बाजूचा फोन स्टेजच्या उजव्या कोपऱ्याशी, मिक्सरजवळ, टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेपासून दहा फुटांवर. याची कामं दोन. महाराज मागे वळतात तेव्हा समोरच्या फोनला फक्त पाठ दिसते. या फोनला मात्र त्यांचा चेहरा आणि टाळकऱ्यांची रांग एकत्र मिळते. दुसरं काम आवाजाचं: याचा माइक उघडाच ठेवायचा, म्हणजे टाळ, मृदंग आणि तीस गळे त्यात येतील. आदल्या रात्री मिक्सरमध्ये जे हरवलं होतं, ते गोळा करायला हा फोन होता.

दोन्ही फोन उजव्याच बाजूला का, असं मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं. एक इकडे, एक तिकडे ठेवला तर सगळं दिसेल असं त्यांचं म्हणणं होतं. पण महाराज आणि श्रोते यांच्यामध्ये एक रेघ कल्पावी, आणि दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच बाजूला असावेत. नाहीतर एका चित्रात महाराज डावीकडे पाहून बोलतात आणि दुसऱ्यात उजवीकडे. पाहणाऱ्याला वाटतं, महाराजांनी मध्येच तोंड फिरवलं.

पट्ट्यांचा बंदोबस्त सोपा निघाला. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे जातात, 1/60 ला राहतात. दोन्ही फोन सेकंदाला 25 चौकटींवर आणले. आयफोनच्या सेटिंगमध्ये Record Video खाली Show PAL Formats चालू केल्याशिवाय 25 चा पर्याय दिसत नाही. अँड्रॉइडच्या कॅमेऱ्यात तो नव्हताच, म्हणून Blackmagic Camera हे फुकट मिळणारं ॲप घेतलं. शटरही त्यातच बांधता आलं. उजेड आणि फोकस महाराजांच्या चेहऱ्यावर कुलूपबंद केले आणि उजेड किंचित उतरवला, म्हणजे फेटा पांढरा फटक होत नाही. मग दोन्ही फोन विमान मोडवर. फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं, आणि सप्ताहात मंडळाच्या पोरांना दर पाच मिनिटांनी फोन येतात.

कीर्तनात काय घडलं

रेकॉर्डरची पातळी ठरवताना पोरांनी महाराजांच्या बोलण्यावर काटा लावला होता. तो उतरवायला लावला. निरूपण आणि वरच्या पट्टीतली चाल यांत फार अंतर असतं. बोलणं उणे 20 डेसिबलच्या आसपास ठेवलं, म्हणजे गजर उणे 6 च्या पुढे जात नाही. हळू आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

सुरुवातीला, दोन्ही फोनच्या नजरेत आणि महाराजांच्या माइकसमोर एकाने टाळी वाजवली. शेवटीही वाजवली.

पहिल्या तासानंतर वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागलं. अंधार, माइक बंद, मिक्सर बंद. महाराजांनी थांबण्याऐवजी नामघोष धरला आणि टाळकऱ्यांनी तो उचलला. रेकॉर्डरमध्ये त्या मिनिटात शांतता आहे, पण फाइल शाबूत. बाजूच्या फोनने आवाज पूर्ण पकडला. अंतिम व्हिडिओत तेवढं मिनिट त्याच आवाजावर आहे, आणि पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय सांधा कळत नाही. पेन ड्राइव्ह निवडला असता तर गेला तास बहुधा हातचा गेला असता.

जुळवाजुळव

अँड्रॉइडची फाइल 25 म्हणत असली तरी चौकटींचं अंतर समान नव्हतं. फोन गरम झाला की असं होतं. संपादनाआधी ती ffmpeg या प्रोग्रॅमने सारखी करून घेतली:

```
ffmpeg -i side.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 -c:a copy side_25.mp4
```

टाळीवर तिन्ही फाइली जुळवल्या. सुरुवात तंतोतंत, पण शेवटच्या टाळीला रेकॉर्डरचा आवाज चित्रापेक्षा 7 चौकटी मागे. दोन यंत्रांची घड्याळं कधीच हुबेहूब चालत नाहीत. 7 चौकटी म्हणजे 0.28 सेकंद, आणि कीर्तन 7,080 सेकंदांचं. म्हणजे आवाजाची लांबी 99.996 टक्के केली की शेवटची टाळीही बसते. उभ्या तुकड्यांना याची गरज पडत नाही. दोन मिनिटांत फरक चौकटीच्या पाव भागाहूनही कमी पडतो, त्यामुळे तुकडा तेवढ्यापुरता जुळवला की झालं.

मिक्सरचा आवाज पाया, त्याखाली बाजूच्या फोनचा आवाज. निरूपणात तो 10 डेसिबल खाली, गजरात जवळजवळ बरोबरीला. 120 हर्ट्झच्या खालचा भाग त्यातून काढून टाकला, कारण मंडपाची घुमणी तिथेच असते. दोन्ही आवाजांच्या लाटा एकमेकींवर बसवणं महत्त्वाचं आहे. दहा-बारा फुटांना आवाजाला शंभरावा हिस्सा सेकंद लागतो, आणि तेवढ्याने शब्द पोकळ वाटायला लागतात. समोरच्या फोनचा आवाज फक्त जुळवणीसाठी वापरला आणि मग बंद केला. 35 फूट म्हणजे साधारण 31 मिलिसेकंदांचा उशीर, तो मिश्रणात नकोच होता.

उभे तुकडे

इथे सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तो तंत्राचा नव्हता. पोरांनी पहिला तुकडा काढला तो 58 सेकंदांचा: सासू-सुनेचा दृष्टांत, मंडपात हशा, आणि हशावरच कट. महाराजांना पाठवल्यावर त्यांचा निरोप आला: "विनोद ठेवा, पण त्याच्यापुढचं प्रमाण तोडू नका. नुसता विनोद फिरला तर लोक म्हणतील महाराज बायकांची टिंगल करतात." त्यांचं बरोबर होतं. कीर्तनातला दृष्टांत अभंगाच्या चरणाकडे परत नेण्यासाठी असतो. म्हणून तुकड्याचं माप ठरलं: चरणापासून सुरुवात, दृष्टांत, प्रमाण, आणि परत चरण. तोच तुकडा 2 मिनिटं 20 सेकंदांचा झाला. शॉर्ट्स आणि रील्स दोन्हीकडे आता 3 मिनिटांपर्यंत जागा आहे, त्यामुळे अडलं नाही.

निरूपणाच्या तुकड्यात उभी पट्टी महाराजांवर ठेवली. ते दोन पावलं सरकले की पट्टी मागे धावत सरकवली तर पाहणाऱ्याला गरगरतं. त्याऐवजी त्या क्षणी दोन सेकंद बाजूच्या फोनचं चित्र घातलं आणि त्याच्या आडून पट्टी हलवली.

गजराच्या तुकड्याला हे चालेना. साडेसात फुटांच्या पट्टीत महाराज आणि मागचे चार टाळकरी, बाकीची रांग बाहेर. मग उभ्या चौकटीचे दोन भाग केले, वर महाराज आणि खाली टाळकरी, प्रत्येकी 1080 बाय 960. बाजूच्या फोनच्या फुल एचडीतून हा भाग 1215 बाय 1080 चा निघतो आणि ताणावा लागत नाही. म्हणून त्या फोनला फोरकेची गरज नव्हती. अभंगाचे शब्द दोन भागांच्या सांध्यावर लिहिले. तळाशी लिहिले असते तर ॲपच्या मजकुराखाली गेले असते, आणि उजवी कड बटणांनी झाकलेली असते.

गजरातले कट कुठेही केले तर पाय अडखळल्यासारखं होतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्याच्या समेवर कट ठेवला की चित्र बदललं हे जाणवतही नाही. यासाठी लॅपटॉपपाशी मृदंगवाल्या पोराला बसवलं. तो बोटाने सम दाखवायचा, दुसरा कापायचा.

काय हाती लागलं

पूर्ण कीर्तन आणि चार उभे तुकडे. शब्द स्वच्छ आहेत आणि टाळ टाळांसारखे वाजतात. उणिवाही आहेत. बाजूच्या फोनच्या आवाजात, गजर टिपेला गेला की फोन आपोआप पातळी दाबतो आणि गजर थांबताच ती वर येते. श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. मिश्रणात तो खाली असल्यामुळे निभावलं. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये ही आपोआप पातळी बंद करता येते का, हे कार्यक्रमाआधीच तपासायला हवं होतं. दोन फोनचे रंगही नीट जुळले नाहीत. आयफोनमध्ये भगवा पताका केशरी, दुसऱ्यात लालसर. दोघांचा व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर बांधला असता तर बराच फरक कमी झाला असता.

पुन्हा करायचं तर

साउंडवाल्याशी बोलणं सप्ताह ठरतानाच झालं पाहिजे. एका जास्त ऑक्सचा मिक्सर त्याच्याकडे होता, तो दुसऱ्या गावी लावला होता. मोकळा ऑक्स मिळाला असता तर महाराजांचा आवाज इकोशिवाय आणि मृदंग थोडा चढवून घेता आला असता.

टाळकऱ्यांसाठी वेगळा माइक मागायचा का, यावर मतभेद आहेत. साउंडवाला म्हणतो की मंडपात उघडा नसला तरी चालेल, फक्त ऑक्सला पाठवतो. हे जमतं, पण ऑक्स फेडरच्या आधीचा असेल तरच. नंतरचा असेल तर फेडर खाली ठेवताच तो माइक रेकॉर्डिंगमधूनही जातो.

काल्याच्या कीर्तनाला ही मांडणी जशीच्या तशी लागू पडणार नाही. ते दिवसा असतं, मंडपाच्या तोंडातून ऊन थेट समोरच्या फोनच्या लेन्सवर येतं, आणि शेवटी दहीहंडीला सगळेच स्टेजखाली उतरतात. तिथे बाजूचा फोन तिपाईवरून काढून कोणाच्या तरी हातात द्यावा लागेल, आणि तो कधी काढायचा ते महाराजांना आधी विचारून ठरवावं लागेल.